५० टक्के गेले की १०० टक्के कमवावे लागतात: ऑप्शन विकणाऱ्यांना हा हिशोब जास्त का जाचतो?

कृष्णाकाठ

ऑप्शन विकून दरमहा उत्पन्न काढण्याबद्दल इथे नेहमी बोलणं होतं, पण मोठा तोटा झाल्यावर खातं पुन्हा पूर्वपदावर यायला काय लागतं याचा हिशोब फारसा कुणी मांडत नाही. म्हणून हा धागा.

मूळ गणित शाळेतलंच आहे. १० लाखांतले १० टक्के गेले की ९ लाख उरतात. तो १ लाख आता ९ लाखांवर कमवायचा आहे, म्हणजे ११.१ टक्के. २० टक्के गेले तर २५ टक्के हवेत, ४० गेले तर ६६.७, आणि ५० गेले तर थेट १००. तोट्याची रक्कम उरलेल्या भांडवलाने भागा, उत्तर मिळतं. तोटा वाढतो तसा वरचा आकडा खाली गेलेल्या आकड्यापेक्षा वेगाने पळतो, कारण कमवायची रक्कम वाढत जाते आणि ज्यावर कमवायचं ते भांडवल आटत जातं.

हे शेअर धरून बसणाऱ्यालाही लागू आहेच. पण त्याच्या वरच्या बाजूला मर्यादा नसते, एखाद्या वर्षी बाजार ७० टक्के चढला तर त्याला ते ७० टक्के मिळतात. विकणाऱ्याचा जास्तीत जास्त नफा प्रीमियमइतकाच असतो आणि तो सौदा करतानाच ठरलेला असतो. खाली पडताना लिफ्ट तुटते आणि वर येताना त्याला जिना एकेक पायरीच चढावा लागतो. दोन पायऱ्या एकदम घ्यायच्या तर लॉट वाढवावे लागतात, आणि भांडवल घटलेलं असताना लॉट वाढवणं म्हणजे पुढचा फटका आणखी मोठा करून ठेवणं.

एक साधा आकडा बघा. ११ महिने दर महिना २ टक्के आणि बाराव्या महिन्यात उणे २०. बेरीज केली तर २२ वजा २०, वर्षाला २ टक्के नफा वाटतो. प्रत्यक्षात १० लाखांचे ११ महिन्यांत १२.४३ लाख होतात आणि शेवटच्या फटक्याने ९.९५ लाख उरतात. बारापैकी अकरा महिने बरोबर येऊनही माणूस वर्षाअखेर किंचित तोट्यात.

खरं उदाहरण म्हणून ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस घेतो. एक्झिट पोलनंतर ३ जूनला निफ्टी २३,२६४ वर बंद झाला होता. ४ तारखेला दिवसाचा नीचांक २१,२८१ आणि बंद २१,८८४. समजा १० लाखवाल्या एकाने ३ तारखेला ६ जूनच्या एक्सपायरीचा २२,५०० चा पुट आणि २४,००० चा कॉल विकला. लॉट तेव्हा २५ चा होता. लॉटमागे सुमारे ७० हजार मार्जिन धरू, म्हणजे १२ लॉटना ८.४ लाख. प्रीमियम दोन्ही मिळून २०० अंक धरतो. मार्जिन आणि प्रीमियम हे माझे सोयीचे आकडे आहेत, निफ्टीचे आकडे खरे.

१२ लॉट म्हणजे ३०० नग, प्रीमियम मिळाला ६० हजार. नीचांकाला त्या पुटची नुसती इंट्रिन्सिक किंमत, म्हणजे २२,५०० आणि नीचांक यांतलं अंतर, १,२१९ अंक, ३०० नगांवर ३,६५,७०० रुपये. प्रीमियम वजा केला तरी ३,०५,७०० चा तोटा, आणि यात वेळेची किंमत धरलेलीच नाही. खातं ३०.६ टक्के खाली. परत वर यायला ४४ टक्के हवेत. महिन्याला निव्वळ २ टक्के मिळवणाऱ्याला, मध्ये एकही तोट्याचा महिना आला नाही तर, यासाठी १८ महिन्यांहून जास्त लागतात. एका सकाळच्या बदल्यात दीड वर्ष.

माझा मुद्दा एवढाच की किती लॉट विकायचे हे मार्जिन किती लागतं यावरून ठरवू नये, परत यायला किती महिने लागतील यावरून ठरवावं. तुम्ही कसं ठरवता?

निशांत_पिंपरी

उदाहरण चांगलं निवडलंत, पण अर्धंच सांगितलंत. ५ तारखेला निफ्टी २२,६२० वर बंद झाला आणि ६ तारखेला एक्सपायरीला २२,८२१. म्हणजे तुमचा २२,५०० चा पुट शून्यावर गेला, कॉल तर शून्यच. ज्याने काहीच केलं नाही त्याला पूर्ण ६० हजार मिळाले. आठवड्यात ६ टक्के! मग तो ३० टक्क्यांचा ड्रॉडाऊन फक्त स्क्रीनवरचा होता. घाबरून बाहेर पडला त्याचाच तोटा झाला. त्यामुळे हे ४४ टक्क्यांचं गणित विकणाऱ्याला लागू होतं असं मला वाटत नाही. एक्सपायरीपर्यंत थांबणं हेच विकणाऱ्याचं बळ.

विदुला

निशांत, एक्सपायरीचे आकडे तुम्ही बरोबर दिलेत. पण थांबणं त्याच्या हातात होतं का ते तपासून बघा. मी बरीच वर्षं ब्रोकरच्या रिस्क विभागात काम केलं आहे, त्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगते.

विकलेला पुट महाग होत गेला की त्याची वाढलेली किंमत तुमच्या उपलब्ध रकमेतून धरली जाते, आणि त्याशिवाय मूळ मार्जिन लागतंच. हे मार्जिन ज्यावरून ठरतं ते स्पॅनचे आकडे दिवसभरात अनेकदा नव्याने येतात. कृष्णाकाठ यांच्या खात्यात १० लाख अधिक प्रीमियमचे ६० हजार होते. ८.४ लाख मार्जिनला गेले, उरले २.२ लाख. ३०० नगांवर २.२ लाख म्हणजे ७३३ अंक. पुटचा भाव ७३३ च्या वर गेला की मार्जिन कमी पडायला लागतं. नुसत्या इंट्रिन्सिकने बघितलं तर निफ्टी २१,७६७ ला हे होतं. त्या दिवशी बाजाराची अस्थिरता दाखवणारा व्हीआयएक्स ३१ च्या वर गेला होता, पुटमध्ये वेळेची किंमत भरपूर होती, म्हणजे हे त्याही आधी झालं असणार. नीचांकाला त्याला साधारण १२ लाख हवे होते आणि खात्यात होते १०.६.

मग ब्रोकरचा रिस्क विभाग पोझिशन कापतो. फोन, संदेश जातात, पण अशा दिवशी उत्तराची वाट बघत कुणी बसत नाही. आणि कापणी होते ती बाजार सर्वांत वाईट असतानाच, कारण मार्जिन कमी पडतं तेच तेव्हा. शिवाय त्याच क्षणी माझ्यासारख्या अनेक टेबलांवरून तोच पुट परत विकत घेतला जात असतो, खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर रुंदावलेलं असतं.

आता याच माणसाने ४ लॉट विकले होते असं धरा. मार्जिन २.८ लाख, नीचांकाला पुटची किंमत १.२२ लाख, एकूण गरज ४ लाख, खात्यात १०.२ लाख. त्याला कुणीच हात लावला नसता. निकालाच्या दिवशी तो १०.२ टक्के खाली दिसला असता आणि ६ तारखेला २ टक्के नफ्यात.

म्हणजे तोटा स्क्रीनवरचा राहणार की खरा होणार हे लॉटच्या संख्येने ठरलं. १२ लॉटवाल्याला तुमचं थांबण्याचं बळ कधी मिळालंच नव्हतं.

निशांत_पिंपरी

मान्य, ८४ टक्के मार्जिन वापरणं जास्तच आहे. पण ५० टक्के वापरणारा? ७ लॉट?

विदुला

७ लॉट म्हणजे १७५ नग, मार्जिन ४.९ लाख. नीचांकाला किंमत २.१३ लाख. गरज ७ लाखांच्या आसपास, खात्यात १०.३५ लाख. तरला असता, व्हीआयएक्समुळे मार्जिन आणखी वाढलं असतं तरीही. खातं १८ टक्के खाली दिसलं असतं. पण तो तरला कारण निफ्टी दोन दिवसांत वर आला. तो वर आलाच नसता तर हे १८ टक्के खरे होते, आणि परत यायला २२ टक्के लागले असते.

मंदार

हा धागा वाचून प्रश्न पडला. माझा निफ्टी इंडेक्स फंडात एसआयपी आहे. मागे फंड खाली गेला तेव्हा मी हप्ते चालू ठेवले आणि निर्देशांक जुन्या पातळीवर यायच्या आधीच मी नफ्यात आलो. मग खाली गेलेल्यापेक्षा जास्त टक्के लागतात हे कसं? माझ्या बाबतीत कमीच लागले.

कृष्णाकाठ

मंदार, तुमच्या बाबतीत बाहेरून नवे पैसे येत राहिले आणि ते खालच्या भावाला लागले, म्हणून सरासरी खरेदी खाली आली. फंडाच्या एका युनिटचं गणित बदललं नाही. जे युनिट १०० वरून ७० वर आलं त्याला १०० व्हायला ४३ टक्केच लागले. तुम्ही ७० ला घेतलेल्या युनिटांनी जुन्या युनिटांचा तोटा झाकला.

ऑप्शन विकणाऱ्यानेही पगारातून खात्यात भर घातली तर खातं लवकर भरतं, पण तो पगार झाला, ऑप्शनचा परतावा नव्हे. दोन्ही एकत्र मोजले तर आपली पद्धत चालते की नाही हे कधीच कळत नाही. आणि एसआयपीवाल्याला कुणी मार्जिन मागत नाही, हा फरक मोठा आहे.

जोशीकाका_नाशिक

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. निवृत्तीच्या रकमेतले १५ लाख यासाठी वेगळे काढले होते. महिन्याला सरासरी २ टक्के पडत होते आणि घरखर्चाला १८ हजार काढत होतो. बाकीचं खात्यातच वाढत होतं. एका पडझडीत खातं साडेनऊ लाखांवर आलं. त्यानंतरही पद्धत तीच आहे, महिने नफ्याचेच जातात, तरी खातं जागचं हलत नाही. माझं काही चुकतंय का, की बाजारच बदलला आहे?

विदुला

काका, तुमची पद्धत बदललेली नाही, बाजारामुळेही हे होत नाही. पैसे काढण्यामुळे होतंय. मी मांडते, तुम्ही बँकेतले आहात, लगेच पटेल.

१५ लाखांवर २ टक्के म्हणजे ३० हजार. १८ काढले, १२ हजार खात्यात वाढले. आता साडेनऊ लाखांवर २ टक्के म्हणजे १९ हजार. १८ काढले की उरतो १ हजार. खातं हलत नाही असं वाटतं ते यामुळेच.

काहीही न काढता साडेनऊचे पंधरा व्हायला ५८ टक्के हवेत, २ टक्क्यांनी सुमारे २३ महिने. १८ हजार काढत राहिलात तर तोच प्रवास सव्वाशे महिन्यांचा होतो. दहा वर्षांहून जास्त, आणि तोही मध्ये एकही तोटा झाला नाही तर.

याहून काळजीची गोष्ट म्हणजे ९ लाखांची रेषा. ९ लाखांवर २ टक्के बरोबर १८ हजार होतात. खातं त्याच्या खाली गेलं की नफ्याच्या महिन्यातही भांडवल घटायला लागेल. तुम्ही त्या रेषेपासून फक्त ५० हजारांवर आहात. ५-६ टक्क्यांचा एक साधा वाईट महिना पुरेसा आहे.

जोशीकाका_नाशिक

विदुलाताई, हे मला कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं. कर्जदाराच्या बाबतीत मी आयुष्यभर हेच बघितलं, हप्ता व्याजाइतकाच असला की मुद्दल फिटत नाही. ९ हजारच काढले तर?

विदुला

मग साधारण ३७-३८ महिने. निम्मी रक्कम काढल्यावर वेळ निम्मा होत नाही, एक तृतीयांशापेक्षाही कमी होतो. आणि ती धोक्याची रेषा ९ वरून साडेचार लाखांवर उतरते. बाकीचे ९ हजार पेन्शनमधून किंवा ठेवीच्या व्याजातून निघत असतील तर या घडीला हाच सर्वांत उपयोगी बदल. लॉट वाढवून ते १८ हजार कमवायला मात्र कृपा करून जाऊ नका.

रोहिणी_के

मला मूळ मांडणीतच एक अडचण दिसते. कृष्णाकाठ म्हणतात लॉट परत यायच्या महिन्यांवरून ठरवा. करून बघितलं. १२ लॉटवाला महिन्याला २ टक्के मिळवतो, तर ४ लॉटवाला त्याच सौद्यात ०.६७ टक्केच मिळवणार. त्याचा तोटा १०.२ टक्के, त्याला ११.३ टक्के हवेत. ०.६७ च्या वेगाने १६ महिने लागतात. १२ लॉटवाल्याला १८. म्हणजे तिप्पट धोका घेऊन फक्त दोन महिने जास्त! लॉट कमी केले की तोटा कमी होतो तसा नफाही कमी होतो, मग महिन्यांचं हे माप काय सांगतं?

कृष्णाकाठ

हा आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या मांडणीला तो खरंच लागतो. तोटा लहान असताना लॉट दुप्पट केले की तोटाही दुप्पट आणि भरून काढायचा वेगही दुप्पट, त्यामुळे महिने जवळपास तेच राहतात. वक्रता जाणवते ती तोटा ३०-४० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर. १२ आणि ४ मध्ये फरक दोन महिन्यांचा, पण हाच सौदा २४ लॉटने केला असता, समजा मार्जिन मिळालं असतं, तर तोटा ६१ टक्के, हवेत १५७ टक्के, आणि ४ टक्क्यांच्या वेगानेही २४ महिने. ४० लॉट असते तर खातं शून्याखाली, म्हणजे किती महिने हा प्रश्नच उरत नाही. या मापाची ही मर्यादा मला मान्य आहे.

विदुला

रोहिणी, तुमच्या हिशोबात एक गोष्ट धरायची राहिली. मार्जिन म्हणून ठेवलेले १० लाख नुसते पडून नसतात. बहुतेक जण ते लिक्विड फंडात ठेवून प्लेज करतात, म्हणजे तारण देतात. त्यावर वर्षाला ६ टक्के धरले तर महिन्याला अर्धा टक्का लॉट कितीही असोत मिळतोच. म्हणजे ४ लॉटवाल्याचा वेग ०.६७ नव्हे, १.१७. त्याला ९ महिने लागतात. १२ लॉटवाल्याचा वेग अडीच टक्के, त्याला १५. आता फरक दोन महिन्यांचा राहिला नाही.

आणि माझ्या दृष्टीने महिन्यांहून महत्त्वाचं हे की ४ लॉटवाल्याचा तोटा ६ जूनला उरलाच नव्हता. तुम्ही दोघांनी त्यालाही नीचांकाला बाहेर काढलंत. प्रत्यक्षात त्याला बाहेर पडायची सक्ती नव्हती.

रोहिणी_के

लिक्विड फंडाचं पटलं. पण सक्ती नव्हती म्हणून तो थांबलाच असता, हे पूर्ण पटत नाही. १० टक्के खाली गेलेलं खातं बघून कितीतरी जण स्वतःच कापतात. आणि स्टॉपलॉस लावून बसलेल्याचं काय? शिस्तीने स्टॉपलॉस लावणारा त्या दिवशी तोट्यात गेला आणि न लावणारा ४ लॉटवाला नफ्यात. हे एका दिवसाचं उदाहरण आहे, त्यावरून नियम काढायला मी धजणार नाही.

विदुला

नियम मीही काढत नाही. स्टॉपलॉस लावणाऱ्याला एखाद्या दिवशी असं होणारच. त्या बदल्यात त्याला उणे ४० टक्क्यांचा महिना सहसा दिसत नाही. सहसा म्हणते, कारण बाजार सकाळीच मोठ्या गॅपने उघडला तर स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला लागत नाही, पुढे जो मिळेल त्या भावाला लागतो.

अभय_कोल्हापूर

माझं मार्जिन अर्धं निफ्टी बीज या निर्देशांकाच्या ईटीएफमधून आहे, प्लेज करून. उरलेलं अर्धं लिक्विड फंड, रात्रभर पोझिशन ठेवायला निम्मं रोख स्वरूपात लागतं म्हणून. मला वाटायचं एकाच पैशावर दोनदा उत्पन्न मिळतंय. या हिशोबात हे कुठे बसतं?

विदुला

अभय, पडझडीच्या दिवशी त्याच पैशावर फटकाही दोनदा बसतो. ५ लाख निफ्टी बीज आणि ५ लाख लिक्विड फंड धरा, वर तेच १२ लॉट. नीचांकाला निफ्टी साडेआठ टक्के खाली होता, म्हणजे तारणाचे ४२-४३ हजार गेले. ऑप्शनचे ३.०६ लाख. मिळून ३४.८ टक्के, परत यायला ५३ टक्के. नुसतं लिक्विड फंड असलेल्याला ४४ लागत होते.

मार्जिन आधीच कमी पडत असताना तारणाची किंमतही घसरते, त्यामुळे कापणीची वेळ आणखी आधी येते. आणि पुट परत विकत घेताना पैसे रोखच द्यावे लागतात. प्लेज केलेलं निफ्टी बीज मार्जिनला चालतं, ही रक्कम भागवायला चालत नाही. लिक्विड फंड मोडावा लागतो, तो पुरला नाही तर ब्रोकर व्याज लावतो किंवा निफ्टी बीज विकतो, तेही तळाला. नंतर निर्देशांक वर आला तरी विकून गेलेली युनिटं त्याबरोबर वर येत नाहीत.

तुमची घसरती बाजू दोन्हीकडे एकच आहे, पुट विकलेले आणि हातात निर्देशांक. प्लेज बंद करा असं नाही म्हणत, पण लॉट मोजताना निफ्टी बीजची आजची किंमत धरू नका, १५-२० टक्के पडलेली किंमत धरा.

निशांत_पिंपरी

एक मुद्दा कुणीच घेत नाहीये. पडझडीनंतर प्रीमियम फुगतात. २ टक्क्यांचा वेग तेव्हा ४ होऊ शकतो. म्हणजे परत येणं तुमच्या हिशोबापेक्षा लवकर व्हायला हवं. मार्च २०२० नंतर असंच झालं.

कृष्णाकाठ

काही वेळा होतं. मार्च २०२० मध्ये व्हीआयएक्स ८० च्या वर गेला आणि एप्रिलभर ३० च्या वरच राहिला, ज्याच्याकडे भांडवल शिल्लक होतं त्याला चांगले भाव मिळाले. पण जून २०२४ मध्ये निकालाच्या दुसऱ्याच दिवशी व्हीआयएक्स २० च्या खाली आला. ४ तारखेला कापला गेलेल्याला महाग प्रीमियमचा एक दिवसही धड मिळाला नाही. शिवाय प्रीमियम फुगतात तेव्हा मार्जिनही वाढतं, म्हणजे उरलेल्या ७ लाखांत ८ लॉटही बसतील याची खात्री नाही.

निशांत_पिंपरी

यावर आपलं एकमत होणार नाही. माझ्या मते मोठ्या पडझडीनंतरचे दोन-तीन महिनेच विकणाऱ्याची खरी कमाई असते, फक्त त्या वेळी खात्यात पैसे हवेत. म्हणूनच मी हल्ली उघडा पुट विकत नाही, खाली २२,००० सारखा पुट घेऊन ठेवतो. तोटा ५०० अंकांत बांधलेला. मग हा सगळा प्रश्नच मिटतो.

रोहिणी_के

मिटतो, लॉट तेवढेच ठेवलेत तर. ३०० नगांवर ५०० अंक म्हणजे जास्तीत जास्त दीड लाख, त्यातून मिळालेला निव्वळ प्रीमियम वजा. पण स्प्रेडला मार्जिन बरंच कमी लागतं, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक जण त्या वाचलेल्या मार्जिनमध्ये लॉट दुप्पट करतात. २५ लॉट झाले की ६२५ नग, तोटा पुन्हा ३ लाखांच्या घरात. आणि उघडा पुट अधूनमधून स्क्रीनवरून परत वर येतो तशी आशा इथेही असते, पण विकत घेतलेल्या पुटचा खर्च मात्र दर आठवड्याला जातोच, त्यामुळे परत यायचा वेगही कमी. तुम्ही किती लॉट ठेवता?

निशांत_पिंपरी

दुप्पट नाही, पण पूर्वीपेक्षा जास्त ठेवतो हे खरं. आज रात्री एकूण नग गुणिले ५०० करून बघतो.

अभय_कोल्हापूर

मग लॉट ठरवताना फटका किती मोठा धरायचा? ४ जूनसारखा, की त्याहून मोठा?

कृष्णाकाठ

मी २३ मार्च २०२० धरतो. त्या दिवशी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. २३,२६४ वरून १३ टक्के म्हणजे २०,२४० च्या आसपास. २२,५०० चा पुट २,२६० अंक आत. ४ लॉटवर २.२६ लाख, प्रीमियम वजा जाता खातं साडेवीस टक्के खाली, परत यायला २६ टक्के. विदुलाताईंच्या १.१७ च्या वेगाने २० महिने. माझ्यासाठी ही वरची मर्यादा आहे, याहून जास्त लॉट मी घेत नाही.

निशांत_पिंपरी

पण ४ लॉटमध्ये वर्षाचे ८ टक्के ऑप्शनचे आणि ६ लिक्विड फंडाचे, त्यातून ब्रोकरेज, एसटीटी आणि कर जाणार. एवढ्यासाठी १३ टक्क्यांच्या दिवसाचा धोका कशाला घ्यायचा? मग सरळ इंडेक्स फंडच बरा नाही का?

विदुला

बऱ्याच जणांसाठी त्याचं उत्तर हो असंच आहे. जोशीकाकांना मी तरी आधी तेच विचारात घ्यायला सांगेन. काका, तुमचे सध्या किती लॉट उघडे असतात आणि प्लेज काय काय आहे, ते लिहाल का? १३ टक्क्यांचा दिवस तुमच्या खात्यावर मांडून बघू.

जोशीकाका_नाशिक

लिहितो. एक्सपायरी मंगळवारी आहे, ती होऊ दे. चालू पोझिशन संपली की नवी न घेता आधी इथे सगळे आकडे देतो. या महिन्यापासून ९ हजारच काढायचे हे मात्र घरी बोलून नक्की केलं आहे.